टायरवर काढलेली नक्षी

नातीच्या स्कूटीचं चाक बघताना मी भर रस्त्यात वाकते, त्याची तिला लाज वाटते. वाटू दे. मी एकदा टायरच्या नक्षीचा असा अभ्यास केला आहे की त्यापुढे ही लाज काहीच नाही.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि मला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. आमच्याकडे चार चाकांचा छोटा टेम्पो होता. पारनेरजवळच्या आमच्या गावातून सोमवारपासून दुधाचे कॅन शीतकेंद्रावर न्यायचं काम मिळालं होतं, पण गाडीचं पासिंग संपत आलं होतं. शुक्रवारी नगरला आरटीओकडं गाडीची तपासणी होऊन पासिंग झालं तरच गाडी सोमवारी रस्त्यावर येणार, नाहीतर काम दुसऱ्याकडं जाणार. गुरुवारी दुपारी आमचे हे विम्याचे कागद आणायला एसटीनं बाहेर पडले. जाता जाता म्हणाले, "पुढच्या डाव्या टायरची नक्षी गेलीया. साहेब पास करतोय का न्हाई, देव जाणे."

नक्षी गेली आहे, तर काढू की. त्यात काय एवढं? दिवाळीत माझ्या करंजीला कशी नक्षी असते ते अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. मी सुरी चुलीत लाल होईस्तोवर तापवली, गोणपाट अंथरलं आणि बसले. रबर लोण्यासारखं कापलं जायला लागलं, तशी मला चेवच आला. खाचांच्या तळाशी मधेमधे बारीक आडवे उंचवटे होते. नक्षी सलग दिसेना, म्हणून ते मी तासून टाकले. वास तर असा सुटला की शेजारच्या जाऊबाईंनी विचारलं, "काय जळालं गं?" मी म्हटलं, "काही न्हाई, स्वयंपाक चाललाय."

चाक फिरवायची अक्कल मला कुठली? समोर दिसत होता तेवढाच भाग कोरला आणि वरून खोबरेल चोपडलं.

हे परत आले तेव्हा अंधार पडला होता आणि पहाटे निघालो तेव्हाही अंधारच. मी मुद्दाम सोबत गेले, कौतुक ऐकायला. पासिंगच्या मैदानावर गाडी थांबली ती नेमकी माझी नक्षी पुढं करून. साहेब खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी जरा पुढं घ्या."

गाडी हातभर पुढं गेली आणि नक्षी संपली.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं. यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरून म्हटलं, "मी."

"आणि खाचेतल्या आडव्या पट्ट्या?"

"त्या मधेच येत होत्या, म्हणून काढल्या."

साहेब हसले नाहीत, हे मला आजही आठवतं. त्यांनी मला चाकाशी बसवलं आणि न कोरलेल्या भागावर बोट ठेवलं. "ही बघा ती पट्टी. कारखान्यातूनच येते. वरचं रबर झिजून हिच्या बरोबरीला आलं की समजायचं, खाच एक पूर्णांक सहा मिलिमीटर उरली. त्याच्या खाली गेलं की चारचाकीचा टायर कायद्यानं बाद. दुचाकी आणि रिक्षाला शून्य पूर्णांक आठ. तुमचा इथं पट्टीसकट झिजलाय. म्हणजे तुम्ही मोजायची खूणच कापलीत, बाई."

"पण आता खाच खोल झाली ना?" मी विचारलं. खरंच कळत नव्हतं.

"खोल कशात झाली? खाली रबर होतंच कुठं?" त्यांनी माझ्या कोरलेल्या खाचेत नख घातलं आणि आतून पांढरे दोरे वर आले. "हे टायरच्या आतलं कापड. ते दिसलं की नक्षी कितीही असो, गाडी रस्त्यावर आणायची नाही. टायर कुठंही फुटू शकतो. खाच असते पाणी बाहेर काढायला. नक्षी जाऊन गोटा झालेला टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावरच तरंगतो, ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही." मग हळूच म्हणाले, "सोमवारी कॅन घेऊन यावर कोण बसणार होतं?"

मी यांच्याकडं बघितलं. हे ते दोरे बघत होते.

पासिंग अर्थातच झालं नाही. आम्ही तिथूनच टायरच्या दुकानात गेलो आणि पुढचे दोन्ही टायर नवे बसवले. दुपारी फेरतपासणीला उभे राहिलो तेव्हा साहेबांनी फक्त एकदा बोट खाचेत घालून बघितलं. पास.

मग घरी परत निघालो. घाट उतरल्यावर हे म्हणाले, "करंजी झ्याक जमती तुला."

जुना टायर त्यांनी फेकू दिला नाही. पाण्याच्या हौदाला टेकवून ठेवला आणि सोमवारी दुधाची पहिली खेप टाकून आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले, "आमच्या मंडळीनं काढलीया." मी तेव्हा चिडायचे. आता मीच दाखवते.

परवा नातीला स्कूटीच्या खाचेतली पट्टी सापडत नव्हती. मी म्हटलं, "नीट बघ, असेल. मी हात लावलेला नाही."