फुकट मिळालेलं घर

गल्लीत तिला सगळे औषधवाली वहिनी म्हणत. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून तिला बारा वर्षं झाली होती. डॉक्टरांचं अक्षर तिला डॉक्टरांपेक्षा लवकर लागायचं. घराचा खर्चही ती दुकानाच्याच पद्धतीने चालवायची. गोळ्या घालून द्यायच्या कागदी पिशव्या असतात ना, ज्यांच्यावर सकाळ, दुपार, रात्र असे चौकोन छापलेले असतात, तशा पिशव्यांत पगाराच्या दिवशी पैसे घालून ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायची. भाडं, किराणा, लेकीचा क्लास, सासऱ्यांची औषधं. नवरा म्हणायचा, आमच्या घराला महिन्याचा डोस लागतो. जेवणाआधी की जेवणानंतर, तेवढं विचारून घ्या.

नवरा वीज कंपनीत वायरमन. सतरा वर्षं खांबावर चढून झाल्यावर त्याला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली आली. नवं गाव बसने सात तासांवर. नाही म्हणायची सोय होती, पण नाही म्हटलं की पुढची काही वर्षं बढतीचं नाव काढायचं नाही, असा नियम. आणि सगळ्यांनी मिळून जावं, तर लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. वर्षाच्या मध्ये तिला तिकडे कोणी दाखल करून घेणार नव्हतं. परीक्षा आठ महिन्यांवर होती. आठ महिने तो तिकडे, बाकी सगळे इकडे. मग पुढचं पुढे, असं ठरलं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सांगणाऱ्याने बहुधा एकच अंथरूण पाहिलं असावं. इथे अंथरुणं दोन झाली होती आणि पांघरूण तेवढंच. तरी बाई खमकी. दोन संध्याकाळ बसून तिने सगळं मांडलं. त्याचं तिकडचं जेवणखाण, गॅस, वीज मिळून साडेपाच हजार. महिन्यातून दोनदा घरी यायचं, जाऊन येऊन एका खेपेला बाराशे, म्हणजे चोवीसशे. समोरच्या बाजूला बढतीचे वाढीव तीन हजार, घरातलं एक ताट कमी झाल्याचे दोन हजार, आणि दर महिन्याला बाजूला टाकत होती ते तीन हजार, जे आता आठ महिने बाजूला पडणार नव्हते. शंभर रुपये उरले. ते तिने 'अडीअडचण' लिहिलेल्या पिशवीत घातले आणि राणीसारखी झोपली.

त्यात रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, फुकट, एक पैसा भाडं नाही. तिने हिशोबात भाडं धरलं नव्हतंच. वसाहत आहे हे आधीच कळलं होतं. पण फुकट हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना तिला इतकं बरं वाटलं की तिने दुकानमालकालाही सांगितलं. चावी घेताना एका कागदावर सही करावी लागली, एवढंच, असं तो म्हणाला होता. घेण्याआधी काय लिहिलंय ते वाचा, असं ती गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगायची. नवऱ्याला सांगायचं राहिलं.

महिना भरला आणि पगार जमा झाला. बढती मिळालेल्या माणसाचा पगार आधीपेक्षा कमी आला. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. त्याने तिकडच्या हेडक्लार्कला गाठलं. हेडक्लार्क शांत माणूस होता, त्याने शांतपणे सांगितलं की कंपनीचं घर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो. साडेसहा हजार. त्याच भत्त्यातून इकडचं भाडं जायचं. इकडचं भाडं काही बंद झालं नव्हतं. मालक दर पाच तारखेला हसतमुखाने उभा राहायचाच. मग घर सोडतो, बाहेर एखादी खोली बघतो, असं नवरा म्हणाला. त्यावर हेडक्लार्क म्हणाला, सोडा की. पण वसाहतीत घर रिकामं असताना बाहेर राहिलात तरी भत्ता मिळत नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीची चावी नवऱ्याच्या खिशात.

त्या रात्री तिने त्याला फोनवर भरपूर सुनावलं. मग लक्षात आलं की फुकटचं कौतुक आपणही केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कापायला बसली. दुकानात रविवारची पाळी मागून घेतली, त्याचे अठराशे. त्याने तिकडे खाणावळीचं एक वेळचं बंद केलं आणि हाताने करायला लागला, त्यातून हजार. घरातलं इंटरनेट बंद केलं, पाचशे. लेक दोन दिवस बोलली नाही. रोजची बस सोडून ती दुकानात चालत जायला लागली, सातशे. 'अडीअडचण'मधले शंभरही गेले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिने कोरायचं सोडलं नाही. दोन खेपांतली एक रद्द केली, बाराशे.

तरीही बाराशे कमीच पडत होते. तिने तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा तेवढेच. सासऱ्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आता नकोतच, बरं वाटतंय. पाच मिनिटांपूर्वी ते खुर्चीतून उठताना भिंत धरत होते. ती त्यांच्यावर अशी चिडली की म्हातारा माणूस हिरमुसून टीव्ही बघत बसला, आणि टीव्ही तर बंद होता. तिला नंतर फार वाईट वाटलं. क्लासच्या पिशवीकडेही एकदा हात गेला. त्यात दोन हजार होते. पण त्या क्लाससाठी आणि त्या परीक्षेसाठीच तर हा सगळा घाट घातला होता. तोच काढला, तर मग माणूस तिकडे एकटा कशासाठी राहतोय?

राहिली ती दुसरी खेप. शेवटची. तिने ती कापली असं म्हणता येणार नाही. फोनवर नवराच म्हणाला, या महिन्यात काम जास्त आहे, बहुतेक जमणार नाही. ती 'बरं' म्हणाली. काय काम आहे, हे तिने विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे त्यालाही कळलं असणार.

आणि त्या महिन्यात हिशोब बरोबर बसला. पहिल्यांदाच. एकतीस तारखेला कपाटाच्या दारावरच्या एकाही पिशवीने दुसरीकडून उसनं घेतलेलं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. मग तिचा हात थांबला. नवरा महिनाभर घरी आला नव्हता, लेक बापाला फोनवर गणित विचारत होती, आणि आपण गातोय. हे असलं आपल्याला आवडायला लागलं, तर मग हे आठ महिने संपून तरी काय उपयोग? भाजी खाली लागली.

पुढच्या महिन्यातही तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवरची बोलणी हळूहळू आटली. दुधाचं बिल किती आलं, गॅस संपला का, क्लासची फी भरली का. संसार म्हणजे दोन दुकानांचा एकमेकांशी व्यवहार झाला होता, आणि व्यवहार अगदी चोख होता, त्याला कोणी नाव ठेवू शकलं नसतं. कधीकधी तिला ओरडावंसं वाटायचं. पण ओरडायचं कुणावर? सगळे आपापल्या जागी बरोबर होते. कंपनीचा नियम बरोबर, हेडक्लार्क बरोबर, शाळा बरोबर, घरमालक तर फारच बरोबर. सगळे बरोबर असले की माणूस भांडणार तरी कोणाशी?

एका रविवारी दुपारी दुकानात बरीच गर्दी होती. खोकल्याचे दिवस होते. ती खाली मान घालून पिशव्यांवर खुणा करत होती, एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर. पुढचा माणूस काउंटरशी आला तरी त्याने चिठ्ठी पुढे केली नाही. तिने वर पाहिलं. नवरा होता. उन्हाने रापलेला, खांद्यावर पिशवी, गालावर दोन दिवसांची दाढी. तिच्याकडे बघून तो हसत होता.

तीन महिन्यांनी नवरा समोर उभा होता, आणि तिच्या तोंडून निघालं, "तिकीट कितीला पडलं?"

तो हसायचा थांबला नाही, पण हसू जरा बाजूला सरकलं. मागे एक म्हातारी चिठ्ठी हलवत उभी होती. तो म्हणाला, "सहाशे. तू हेच विचारशील, हे मला माहीत होतं. म्हणून फोन केला नाही."

"फोन केला असता तर?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं."

हे खरंच होतं. तिला ते खोटं ठरवावंसं वाटलं, पण त्यात खोटं काहीच सापडेना. म्हातारीची गोळ्यांची पट्टी तिने दिली, पैसे घेतले, सुटे परत केले. हात आपापलं काम करत होते. डोकं मात्र कपाटाच्या दारावर फिरत होतं. सहाशे गेले, जायचे सहाशे, ते कुठून काढायचे? तिने थांबवायचा प्रयत्न केला, पण डोकं थांबेना. माणूस समोर उभा आणि ही मनात पिशव्या उघडतेय. तिला स्वतःचा संताप आला.

तो तिच्याकडे बघत होता. सतरा वर्षं त्याने तारांत वीज आहे की नाही हे बघण्यात घालवली होती, तिचं काय चाललंय ते त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने हळूच विचारलं, "कुठून काढतेस?"

"क्लासमधून. सरांना आठवडाभर थांबायला सांगते."

"मग रात्रीच्या गाडीने परत जाऊ का?"

तो हे चेष्टेत म्हणाला की खरंच विचारलं, हे तिला कळलं नाही. तिने खरंच क्षणभर त्याचाही हिशोब केला. आज गेला काय आणि परवा गेला काय, जायचे सहाशे तेच. दोन दिवसांचं एक ताट वाढेल. ते बसेल.

"नको," ती म्हणाली. "आलातच तर राहा दोन दिवस. पैसे जायचे ते जाणारच आहेत, निदान वसूल तरी होऊ दे."

तो मोठ्याने हसला. दुकानमालकाने मान वर करून पाहिलं. तो बराच वेळ हसत राहिला, आणि हसता हसता त्याने काउंटरवरचा तिचा हात धरला, चारचौघांत, जे त्याने लग्नानंतर कधीच केलं नव्हतं. तिने हात सोडवला नाही, पण तिला त्याच्याकडे बघवेना. शेवटी मागून कोणीतरी खाकरलं. तिने हात काढून घेतला, पाठ फिरवली आणि फळीवर औषध शोधायला लागली. कोणी काही मागितलं नव्हतं. डोळे कोरडे होईपर्यंत ती शोधत राहिली.