अकरा दिवसांची साडी आणि शालिकरामचा आवाज

गोंदियात शालिकराम मेश्रामचा चेहरा ओळखणारी माणसं असतील पाचपन्नास, पण आवाज ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. मुर्रीहून रोज सकाळी तो सायकलनं शहरात यायचा, ऑटोत बसायचा आणि माईक तोंडाला लावला की जयस्तंभ चौकातल्या गाई कान हलवायच्या. सर्कस असो, साड्यांचा सेल असो की ट्रॅक्टरचं नवं दुकान, जाहिरात शालिकरामच्याच गळ्यातून बाहेर पडायची. "आ गया, आ गया, आ गया!" एवढं म्हणायचा, आणि काय आलं ते कळायच्या आधीच बाया दाराशी उभ्या राहायच्या. गावात लाऊडस्पीकरवाले आणखीही होते, पण त्यांना नुसता स्पीकर होता. शालिकरामला छाती होती.

पुढे घराघरात केबल आलं आणि केबलवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा त्या बनवणाऱ्या अल्का बागडेनं सगळ्यात आधी त्यालाच बोलावलं. अल्का नागपुरात एडिटिंग शिकून आलेली, बोलायला तुटक, कामाला वाघीण. गोरेलाल चौकाजवळ तिची एक खोली होती. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, म्हणजे आवाज घुमू नये. तिथे शालिकराम एका हातानं कान दाबून उभा राहायचा आणि ओरडायचा. तीस सेकंदांत पंधरा शॉट, शेवटी किमतीचा लाल तारा गरगरत यायचा, आणि त्यावर ह्याचा आवाज. जाहिरात म्हणजे हेच, असं दोघांनाही वाटत होतं. खोटं कशाला बोला, सगळ्या जिल्ह्यालाच वाटत होतं.

दोन हजार आठच्या दिवाळीआधी सुशिलाबाई पराते अल्काकडे आल्या. त्यांच्या घरी तिरोड्याच्या वाटेवर कोशाच्या कापडाचे तीन माग होते आणि गोंदियात एक लहानसं दुकान. जंगलात ऐनाच्या झाडावर पिकणारं रानरेशीम म्हणजे कोसा, बायांनी मांडीवर वळलेलं त्याचं सूत, आणि त्याची करवतकाठी साडी. काठाला करवतीसारखे दाते असतात म्हणून करवतकाठी. समोरच्या दुकानात मशीनवरची नकली साडी चौथ्या हिश्श्याच्या किमतीला मिळत होती आणि तिची जाहिरात रोज केबलवर बोंबलत होती. ती बोंब अर्थातच शालिकरामची होती.

"मलेबी तशीच पाहिजे," सुशिलाबाई म्हणाल्या. "त्याच्याहून मोठ्यानं. नाहीतर ह्या दिवाळीनंतर दोन माग बंद करा लागते."

 अल्कानं साडी टेबलावर उलगडली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, ते पदरावर पडलं आणि कापड मधासारखं दिसायला लागलं. दोघीही गप्प बसून पाहत राहिल्या. मग अल्का म्हणाली, "बाई, आत्ता आपण दोघी काऊन गप्प झालो? कोणी ओरडलं नाही न?"

सुशिलाबाईंना ते पटलं असं नाही. पण अल्कानं तिथंच त्या साडीचे काही शॉट घेतले आणि मशीनवर चढवले. साडीचे तेच शॉट तिनं दोन तऱ्हेनं जोडून दाखवले. पहिल्या तऱ्हेत भराभर, किंमत, तारा, ठणठणाट. ती साडी फेरीवाल्याच्या गाठोड्यातली वाटली. दुसऱ्या तऱ्हेत एकेक शॉट सात-आठ सेकंद थांबलेला, किंमत नाही, आवाज नाही. तीच साडी, पण तिच्याकडे बघताना हात धुऊन यावंसं वाटलं. "महाग वस्तू किंमत ओरडत सुटली," अल्का म्हणाली, "तर लोकांना वाटते, हिलेच आपल्यावर भरवसा नाही." सुशिलाबाईंनी मान हलवली. पण एकच अट घातली: आवाज गावातल्या माणसाचा पाहिजे, आणि तो शालिकरामचाच.

शालिकरामला वाक्यही एकच मिळालं. 'ही साडी विणायला अकरा दिवस लागतात.' बस्स. त्याला हसू आलं. एवढ्यासाठी बोलावलं? पण पहिल्याच खेपेला त्यानं ते असं म्हटलं की सर्कशीत वाघ आलाय असं वाटावं. अल्का म्हणाली, हळू. तो हळू ओरडला. अल्का म्हणाली, बसून म्हणा. तो बसून ओरडला. विसाव्या खेपेला तिनं मशीन बंद केलं. शालिकराम खाली मान घालून बसला. पंचवीस वर्षांचा धंदा आणि सहा शब्द जमेनात! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, की ओरडणं काढून टाकलं तर आपल्यात आवाज उरतो तरी का?

दुसऱ्या दिवशी अल्का शूटिंगला निघाली तेव्हा त्याला बरोबर घेऊन गेली. सुशिलाबाईंच्या घरी सुकराम नावाचा म्हातारा विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. शालिकराम दारातूनच गरजला, "राम राम जी, सुकरामभाऊ!" तशी सुशिलाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. काठाचे दाते भरणं चालू असलं की त्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. अंगाचा धागा वेगळा, दोन काठांचे वेगळे, ते आडवे नेणारे तीन धोटे. दर फेरीला ते धागे हातानं एकमेकांत अडकवायचे आणि मनात मोजायचं. मोज चुकली की दाता मोडतो आणि तेवढं सगळं उसवावं लागतं. पोरंसुद्धा त्या खोलीत कुजबुजत होती.

शालिकराम भिंतीला टेकून बसला. किती वेळ बसला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याची बोटं धाग्यात जात होती, येत होती. मागाची फणी एकदा ठोकायची, परत शांतता. अर्ध्या तासात कापड चार बोटंही वाढलं नाही, पण एक दाता पुरा झाला, इतका नेमका की शालिकरामच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर आपण हजार साड्यांच्या नावानं ओरडलो आणि साडी कशी होते हे एकदाही पाहिलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो पुढे सरकला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी, मोज मोडू नये अशा बेतानं पुटपुटला, "एक साडी किती दिवसांची, दादा?"

"अकरा," सुकराम वर न बघता म्हणाला.

अल्कानं तिथेच, मागाच्या बाजूला, माईक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. "आता तेच वाक्य मले सांगा. दादाची मोज न मोडता." आणि शालिकरामनं सांगितलं. ऐकलेलं, पाहिलेलं, खरं असलेलं सांगितलं. एकाच खेपेत.

चित्रंही तशीच घेतली. कॅमेरा तिपाईवर घट्ट. नंतर मशीनवर वेग कमी केला तर चित्र धक्के खातं, म्हणून जे हळू दिसायला हवं ते हळूच घडू दिलं. चाळीस सेकंद, पाच शॉट: वळलं जाणारं सूत, बोटं, दाता, उन्हातला पदर, घडी घालणारे हात. आवाज फक्त फणीचा. पस्तिसाव्या सेकंदाला ते वाक्य, आणि शेवटी रिकाम्या पडद्यावर लहान अक्षरांत सुशिलाबाईंचं आणि दुकानाचं नाव.

पहिल्यांदा लागली तेव्हा मात्र घात झाला. केबलच्या कंट्रोल रूममध्ये दुर्गेश नावाचा ऑपरेटर बसायचा. कामसू माणूस. आवाजाचा काटा खाली पडलेला दिसला, त्याला वाटलं सीडीत बिघाड आहे. त्यानं बटण पार वर फिरवलं, आणि जाहिरात रिकामी दिसते म्हणून खाली आपल्या मनानं पट्टीही सोडली: महासेल, महासेल, महासेल. फणी घणासारखी आदळली. शालिकरामचा श्वासही फाटून ऐकू आला. सुशिलाबाईंनी शेजारपाजारच्या बाया जमवल्या होत्या पाहायला. त्यांचा अल्काला फोन आला तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. उद्या एक दिवस पाहते, म्हणाल्या, नाहीतर सगळ्यांसारखी ओरडणारी करून द्या.

सकाळी शालिकराम ऑटोवर गेलाच नाही. तो दुर्गेशकडे जाऊन बसला.

"भाऊ, आवाजच नव्हता न त्याच्यात," दुर्गेश म्हणाला. "लोक म्हणतील टीव्ही बिघडला."

"म्हणू दे. उठून पाहतील." शालिकराम एरवी भांडला असता, आज तो खालच्या आवाजात म्हणाला, "ती तशीच आहे, बापा. तू फक्त हात लावू नको. हात न लावणं हेच तुझं काम."

 भोंगेवाला शालिकराम आवाज कमी ठेवा म्हणायला आलाय, हे दुर्गेशला झेपेना. पण त्यानं कागदाच्या चिठ्ठीवर 'हात लावू नये' असं लिहून बटणावर चिकटवलं.

त्या संध्याकाळी शालिकराम मुर्रीच्या वाटेवरच्या चहाच्या हॉटेलात थांबला. कपबश्यांची आदळआपट, पाच-सात जणांचा गलका, वर टीव्हीवर कुठलंसं फर्निचर बोंबलत होतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मग एकाएकी टीव्ही गप्प झाला. खरंच, सगळ्यांच्या माना वर झाल्या, वीज गेली की होतात तशा. बोटं दिसली. दाता दिसला. फणी एकदा ठोकली. भजी तळणाऱ्याचा झारा हवेतच राहिला. कोणी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही, तरी सगळे गप्प होते. आणि त्या शांततेत ते वाक्य आलं.

 पंचवीस वर्षं शालिकराम लोकांच्या कानात घुसत आला होता. आज पहिल्यांदा लोक आपण होऊन कान देत होते.

"नागपूरचा माणूस दिसते," हॉटेलवाला म्हणाला. "काय आवाज आहे!"

"माहाच आहे," शालिकराम म्हणाला. सगळे खोखो हसले. त्यानं चहा संपवला आणि निघाला. घरी पोचता पोचता त्याला सुशिलाबाईंचा फोन आला: दुकान बंद करता करता तीन बाया आल्या, कोणी भाव विचारला नाही, आधी साडीला हात लावून पाहिलं. माग तिन्ही चालू राहतील, म्हणाल्या.

घरी पार्वताबाई भाकरी टाकत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली बायको. नवरा घरातही ओरडूनच बोलतो ह्याची तिला इतकी सवय, की तीही ओरडूनच उत्तर द्यायची. आज ती वळली आणि नुसती बघत राहिली.

"जाहिरात पाहिली का?" त्यानं विचारलं. "हॉटेलात तं कोणीच मले वळखलं नाही."

"ते कसे वळखतील?" ती म्हणाली. "त्यांनी कुठं आयकला तो आवाज? मी वळखली. लग्न झालं तवा, पयलं वर्ष, तुमी माह्याशी असेच बोलत होते." तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि डोळ्यांना पदर लावला. "मले वाटलं, तो आवाज गेला."

शालिकराम तिच्याजवळ चुलीपाशी बसला. तो जे काही बोलला ते शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नाही.