पडदेमामा आणि पाच सेंटिमीटर

बायकोच्या माहेरची मंडळी लग्नानंतर कितीतरी वर्षं समजत होती की जावईबापू नाटक कंपनीत पडदे ओढतात. त्यांचं तरी काय चुकलं? प्रयोगशाळेत सगळे या जावयाला पडदेमामाच म्हणत. मामा पडदे ओढत नसत, फोडत. बावीस वर्षांत साडेतीन हजार फोडले, आणि हा आकडा ते न विचारताही सांगत.

त्यांच्या खोलीत सात मीटर लांबीची पोलादी नळी आडवी पडलेली होती. तिला शॉक ट्यूब म्हणत. नळीत मध्येच ॲल्युमिनियमचा पातळ पडदा. त्याच्या अलीकडे दहा पट दाबाची हवा कोंडायची, पलीकडे आपली साधीच. मामा पडद्यावर आधीच फुलीसारखी चीर कोरून ठेवत, म्हणजे तो फुटताना चिंध्या न होता चार पाकळ्या उघडतात. फुटला की कोंडलेली हवा पुढच्या हवेला असा धक्का देते की तो धक्का आवाजापेक्षाही जोरात पळत सुटतो. नळीच्या भिंतीत एकापुढे एक दोन सेन्सर बसवलेले. धक्का पहिल्यापाशी कधी आला, दुसऱ्यापाशी कधी आला, ते संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या रेषेतल्या दोन पायऱ्यांवरून कळायचं. मधल्या अंतराला त्या वेळाने भागलं की वेग. वेग कळला की धक्क्यामागचा दाब किती, ते सूत्र सांगतं.

पाहुण्यांना वाटे, मागे दहा पट कोंडलंय तर पुढेही दहा पटच जाणार. मामा मान हलवत. जोर पुढची हवा ढकलण्यात वाटला जातो, पदरात पावणेतीन पट पडतात. पुस्तक म्हणतं जास्तीत जास्त दोन पूर्णांक पंच्याऐंशी. खऱ्या नळीत भिंती घासतात, पडदा उघडायला वेळ घेतो, म्हणून येतं त्याहून थोडं कमीच. जास्त आलेलं मामांनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

यंदा मात्र जास्त आलं. विभागाच्या साहेबांनी हिशोब केला: सेकंदाला सहाशे दोन मीटर, आवाजाच्या पावणेदोन पट, आणि धक्क्यामागचा दाब तीन पूर्णांक सदतीस पट. साहेब खुर्चीतून उठले ते दोन दिवस बसलेच नाहीत. आपल्या नळीने पुस्तकाला मागे टाकलं, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, शिपायालासुद्धा. लेख पाठवून टाकला. येत्या गुरुवारी तपासणी समिती येणार होती, म्हणजे सोन्याहून पिवळं.

एकच काटा सलत होता. तोच दुसरा सेन्सर दाब थेटही मोजायचा, आणि तो निर्लज्जपणे दोन पूर्णांक सातच दाखवत होता. आता सूत्र आणि साहेब एका बाजूला, सेन्सर दुसऱ्या बाजूला. चूक कोणाची, हे ठरवायला साहेबांना चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही. मेमो आला: सेन्सरची तपासणी निष्काळजीपणे केल्यामुळे आपली बदली भांडारात का करू नये, खुलासा करावा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मामांना नळीपासून दूर जाऊन रबरी हातमोजे आणि झाडू मोजत बसावं लागणार होतं.

मामा हादरले. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःवरच शंका आली. म्हातारपणी हात कापायला लागलाय काय? त्यांनी दोन्ही सेन्सर काढले, वजनं ठेवून दाब देणाऱ्या यंत्रावर तीन तीनदा तपासले. दोन्ही अचूक. घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "दोघं साक्षीदार खरं सांगताहेत, तर खोटं बोलणारा तिसरा कोणीतरी असेल. तिसरा कोण आहे तुमच्याकडे?"

तिसरा वेग होता. आणि वेगाला आई-बाप दोन, अंतर आणि वेळ. वेळ यंत्राने मोजला होता, तिथे खोट नव्हती. अंतर कोणी मोजलं होतं?

कोणीच नाही. संगणकात गेली दहा वर्षं पाचशे मिलिमीटर लिहिलेलं, ते तसंच होतं. सकाळी मामांनी टेप लावली आणि डोक्याला हात लावला. चारशे पन्नास. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या सेन्सरच्या भोकाचे आटे खराब झाले म्हणून त्यांनी स्वतःच तो पाच सेंटिमीटर अलीकडच्या भोकात बसवला होता, रजिस्टरात लिहिलं होतं, साहेबांची सही घेतली होती, आणि मग दोघंही ते साफ विसरले होते. मामांना स्वतःचा इतका राग आला की दिवसभरात त्यांनी तेच अंतर आणखी चारदा मोजलं.

तरी संध्याकाळी रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी वर पाहिलंही नाही. "मामा, तुम्ही पडदे फोडा. गणित आम्ही बघतो."

गुरुवारी समिती आली. प्रमुख होत्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. साहेबांनी फलकावर तीन पूर्णांक सदतीस हा आकडा ठसठशीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. मामांनी पडदा फोडला. बाईंनी पायऱ्या बघितल्या आणि विचारलं, सेन्सर वेगळं का सांगतोय? साहेब म्हणाले, ती आमच्या माणसाची तपासणीतली चूक, मेमो दिलाय. बाई मामांकडे वळल्या.

"तुमचं काय म्हणणं?"

मामांच्या डोळ्यांपुढे भांडार आलं, झाडूंसकट. "बाई, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. पण एकदा टेप लावून बघा."

बाईंनी स्वतः वाकून टेप धरली. मग त्यांनी खडू उचलला. चारशे पन्नास मिलिमीटर, शून्य पूर्णांक त्र्याऐंशी मिलिसेकंद: वेग पाचशे बेचाळीस. आवाजाचा वेग तीनशे सेहेचाळीस, म्हणजे एक पूर्णांक सत्तावन्न पट. वर्ग करायचा, एक वजा करायचा, सातला सहाने भागून गुणायचं, एक मिळवायचा. दोन पूर्णांक सात. वेगात अकरा टक्क्यांची लबाडी, पण वर्गात शिरली की दाबात पंचवीस टक्के होऊन बाहेर येते, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला, पण पाच सेकंदच. असे लोक पडत नाहीत, फक्त बाजू बदलतात. "बघा," ते समितीला म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, आमचे सेन्सर किती अचूक आहेत."

दुसऱ्या दिवशी साहेबांचं परिपत्रक निघालं: यापुढे प्रत्येक वेळी सेन्सरमधलं अंतर टेपने मोजावं, ही सूचना विभागप्रमुखांच्या लक्षात आलेल्या त्रुटीवरून. लेख गुपचूप मागे घेतला गेला. बदलीचं नाव कोणी काढलं नाही, आणि मेमो मागे घेतल्याचंही कोणी लिहून दिलं नाही. माफीचं तर बोलायलाच नको.

मामांच्या खोलीत एक खिळा होता. प्रत्येक फुटलेल्या पडद्यावर तारीख आणि दाब लिहून ते त्यावर टांगत, चार पाकळ्या बाहेर वळलेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी खिशातून मेमो काढला, मधोमध फुलीसारखी चीर दिली, चारही टोकं नीट मागे दुमडली. कोपऱ्यात तारीख घातली, खाली लिहिलं: दाब २.७. आणि खिळ्यावर सगळ्यात वर टांगला.