पाय न लावलेलं मनगट

…न्हाई गं, ते खोडून टाक. मी यशोदाबाईला वाईट म्हणत न्हाई, ती वागली कशी तेवढं सांगते. तू लिही. आन् मी बोलते तसंच लिही नेहा, शाळेतलं करू नको त्याचं.

दिपाली म्हंजे आपल्या मागच्या खोलीतली भाडेकरीण. जिंतूरकडची पोर. आई लहानपणीच गेली, बाप दुसरं लगीन करून मोकळा झाला. इथं कुरुळीत आली ती एका कंपनीत वायरींचे गठ्ठे बांधायच्या कामाला. तिथंच प्रज्वल भेटला, तो बी जिंतूरकडचाच, रीतसर लगीन झालं. पोर बोलायची कमी. पण पहाटे पाण्याची मोटर चालू झाली की आधी माझी कळशी भरून ठेवायची, मग स्वतःची. मी न्हाई म्हणलं तरी.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, व्हय ना? हिला माहेरच नव्हतं. म्हणून सासू आली, यशोदाबाई. आल्या दिवसापासनं तोंड चालू. "माझ्या सुनंला बाळंतपणाला जागा न्हाई, मीच माझ्या घरचं काम टाकून आले," असं नळावर सगळ्यांना सांगायची. दिपाली शेजारीच असायची, बाळाची दुपटी धूत.

त्या दुपट्यावरनंच मला आधी कळलं. पोरगी दुपटं पिळायच्या ऐवजी नळावर नुसतं लोंबकळत ठेवायची. पाणी निथळलं की दोरीवर. मी म्हणलं, अगं पिळ की, ऊन कुठंय येवढं. म्हणली, "आजी, अंगठ्याच्या वर कळ येते. डबा उघडता येत न्हाई. कुकरचं झाकण फिरवता येत न्हाई. बाळाला उचललं की मनगटातनं सुरी फिरल्यासारखं व्हतंय." उजवा हात दाखवला. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडावर बारकी सूज.

यशोदाबाई मागनं आलीच. "लेकरू रडायलं अन् ही हात दाखवायली. आम्ही पाच लेकरं वाढवली, कोणाचं मनगट दुखलं का? मोबाइल उचलायला दुखंना का गं?"

पोरगी बाळ घ्यायला आत गेली.

आता बाळ ती उचलायची कशी, ते ऐक. बाळ खाली चटईवर. ही वाकायची, दोन्ही हातांचे अंगठे वर ताणून बाळाच्या काखेत घालायची आन् अंगठ्याच्या जोरावर वर घ्यायची. दिवसात किती वेळा ते मोजायला कोण बसलंय. आंघोळीच्या वेळी तर पाय लांब करून पायावर पालथं, मग उताणं, मग परत तसंच उचलायचं, तेलानं बुळबुळीत झालेलं. सासू सांगायची तसंच. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई, आन् स्वतः पण लावायची न्हाई. म्हणायची, "सवय हो, आईचं काम आहे ते."

एक दिवस आंघोळीतच झालं. उचलता उचलता अंगठ्यात कळ आली आन् हातातनं बाळ सुटलं. पडलं न्हाई, तिच्याच मांड्यांवर घसरलं परत. रडलं तेवढंच. पण यशोदाबाईनं सगळी चाळ गोळा केली.

"टाकलं लेकरू. ह्या डोळ्यांनी पाह्यलं म्या. हिला आई म्हणायचं?"

त्या संध्याकाळी तिनं प्रज्वलला सांगून टाकलं. बाळ मी गावाकडं नेते. वरच्या दुधावर वाढवीन. हिला हात सुधारले की पाठव, न्हाईतर कंपनीत पाठव. रविवारच्या गाडीनं निघायचं. प्रज्वल दुसऱ्या शिफ्टहून आलेला, डोळे तांबारलेले. तो नुसता म्हणला, "आई म्हणते तर काही दिवस राहू दे ना." भिंतीपलीकडनं मला ऐकू येत व्हतं. दिपालीचा आवाज एकदाच आला. "मी पाजते त्याला अजून." बस.

आता माझं सांगते. तुला म्हायती हाय, मी पायाळू. जन्मताना पायाकडनं आले. म्हणून पाठीत उसण भरली, चमक आली, की माणसं येतात आन् मी पाय लावते. तेवढंच. त्यात माझं काय मोठेपण न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई सुनेला हाताला धरून माझ्या दारात. धरला पण तोच हात, दुखरा. "मावशी, लावा हिच्या मनगटाला पाय. चमक असल तर जाईल. नाही गेली तर सोंग आहे, मग मला कुणी बोल लावायला नको."

मी खाली बसले. मनगटावर नुसतं बोट टेकवलं, पोरीनं हात आखडून घेतला. मी म्हणलं, "यशोदाबाई, ही चमक न्हवं. इथं सूज हाय, आन् अंगठा हलवला की कळ येते. मी असल्या दुखण्यावर पाय लावत न्हाई. चाकणला दवाखान्यात दाखवा."

झालं. एवढंच मी म्हणले. दुपारपर्यंत चाळीत काय पसरलं म्हणतेस? पायाळू बाईनं पाय लावला न्हाई. का लावला न्हाई? कारण चमकच न्हाई. चमक न्हाई म्हंजे दुखणंच न्हाई. म्हंजे सोंग. माझ्याच तोंडातला शब्द घेऊन माझ्याच दारातनं हिनं सुनेच्या डोक्यात घातला. प्रज्वल पण म्हणला मला, "आजी, तुम्हीच म्हणलात ना काही नाही म्हणून?"

माझं डोकं तापलं. म्हणलं, "मी चमक न्हाई म्हणले, दुखणं न्हाई म्हणले न्हाई. दोन्हीतला फरक कळत नसंल तर कंपनीत मशीन कसं चालवतोस?" तो ओशाळला. मी म्हणलं, गाडी सुटायच्या आधी चाकणला चल. मी पण येते. माझ्या नावानं खोटं पसरलंय, ते खोडलेलं मला माझ्या कानानं ऐकायचंय.

रिक्षात आमी चौघं आन् बाळ. बाळ यशोदाबाईच्या मांडीवर. दिपालीकडं द्यायचीच न्हाई. "टाकशील," म्हणली, रिक्षावाल्याला ऐकू जाईल असं.

डॉक्टरीण साबिया मॅडम. तरणी, चेहरा कडक. दिपालीनं तोंड उघडायच्या आधी सासूनंच सुरू केलं. "हिला काम नको. लेकरू टाकलं हिनं. तुम्ही तेवढं लिहून द्या, काही झालं नाही म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "काही झालं नाही हे मी तपासल्याशिवाय लिहीत नाही. तुम्ही जरा तिकडं बसा."

मग दिपालीला म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड कर. माझ्याकडं बघायचं नाही. मी काय करते ते सांगणार नाही. दुखलं तर सांग, नाही दुखलं तर नाही म्हण." आधी चांगला हात. डावा. अंगठा मुठीत आत घालायला लावला, बाकीची बोटं त्याच्यावर मिटवली, आन् मूठ हळूच करंगळीच्या बाजूला खाली वाकवली. "काय होतंय?" "थोडं ताणल्यासारखं." "ठीक."

मग उजवा. अंगठ्याचं बूड धरून दाबलं, जरा गोल फिरवलं. "दुखतंय?" "न्हाई." कोपराजवळ दाबलं. "न्हाई." मनगटाच्या मधोमध दाबलं. "न्हाई." यशोदाबाई बाकड्यावरनं म्हणली, "बघा, सगळीकडं न्हाईच. मी काय म्हणायले." मॅडमनी वर बघितलं पण न्हाई. मनगटाच्या कडेच्या हाडावर, त्या सुजेवर बोट टेकवलं. दिपालीनं श्वास घेतला. "हो. इथं." मग तसाच अंगठा मुठीत घालायला लावला, आन् मूठ करंगळीकडं वाकवली. अगदी हळू. निम्म्यातच पोरीनं दुसरा हात भिंतीला टेकला. डोळ्यातनं पाणी आलं. मॅडमनी लगेच सोडून दिली.

"कळायला एवढं वाकवणं बास होतं," त्या म्हणाल्या.

यशोदाबाई उठून उभी राहिली. "रडायला काय लागतंय? अशी मूठ वाकवली तर माझं बी दुखंल."

"दुखेल थोडं. कुणालाही ताण बसतो. म्हणूनच आधी तिचा चांगला हात वाकवला," मॅडम म्हणाल्या. "बाई, सोंग करणारी कुठं ओरडायचं हे कसं ओळखेल? ती भिंतीकडं बघत होती. मी तीन ठिकाणी दाबलं, ती नाही म्हणाली. ज्या ठिकाणी दुखायला पाहिजे, नेमकं तिथंच दुखलं."

मग मॅडमनी प्रज्वलला जवळ बोलावून सांगितलं. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतनं जातात. अंगठा ताणून ताणून बाळ उचललं की नळीचं अस्तर जाड व्हतं, मग दोरी आत सरकत न्हाई. बाळंतिणींना हे लई व्हतं म्हणाल्या. मी म्हणलं, परकराचा नेफा आटला की नाडी अडकते तसं? म्हणाल्या, "अगदी तसंच, आजी."

अंगठा बांधून ठेवायचा पट्टा दिला. बर्फ लावायला सांगितलं. अंगावर पाजतेस ना, असं विचारून मलम निवडलं. एवढ्यानं उतरलं न्हाई तर एक सुई देतात तिथं, घाबरायचं न्हाई म्हणाल्या. आन् बाळ कसं उचलायचं ते उशीवर दाखवलं. अंगठे काखेत घालायचेच न्हाईत. तळवे वरती, एक हात ढुंगणाखाली, एक पाठीखाली, कोपरं अंगाजवळ, मनगट सरळ. फावड्यानं माती घेतो तसं. "आणि काही दिवस आंघोळीतनं बाळ दुसऱ्यानं उचलायचं," प्रज्वलकडं बघत म्हणाल्या.

प्रज्वलनं आईच्या मांडीवरनं बाळ घेतलं. यशोदाबाईनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं व्हतं, सोडीना. "मी नेणार त्याला." तो म्हणला, "आई, सोड." मोठ्यानं न्हाई म्हणला. पण मी त्या पोराच्या तोंडात तसला आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं सोडलं. त्यानं ते उशीवर दाखवलं तसं उचललं, वेडंवाकडं, आन् दिपालीच्या हातावर ठेवलं.

परतताना रिक्षात यशोदाबाई एवढंच म्हणली, "डॉक्टरीण बाईच आहे, बाईचीच बाजू घेणार." रविवारी ती एकटीच गेली. पिशवी उचलली, सुनेकडं बघितलं न्हाई, माझ्या उंबऱ्यासमोर मात्र थांबली. "तुम्ही पाय लावला असता तर एवढं वाढलंच नसतं," म्हणली. मी म्हणलं, "लावला असता तर तू बाळ घेऊन गेली असतीस."

दिपालीचा पट्टा आता सुटलाय. दुपटी पिळते. प्रज्वल शिफ्टवर जायच्या आधी बाळाला आंघोळीतनं काढतो, तळवे वर करून. सासूचा फोन येतो, पण प्रज्वललाच. हिच्याशी एक अक्षर न्हाई.

आन् तिकडं गावात म्हणे ती सांगत फिरती, कुरुळीच्या पायाळू बाईनं हात टेकले, आन् डॉक्टरिणीनं सुनेला सोंग शिकवलं. म्हणून मी हे लिहून घेतलंय. हे वाचणारं कुणी जिंतूरकडचं असंल, तर यशोदाबाईला माझा निरोप सांगा. म्हणावं, पायाळूनं हात टेकले न्हाईत. आन् पुढच्या वेळी नातवाला भेटायला आलीस, तर त्याला काखेत अंगठे घालून उचलू नकोस.