बॉयलरच्या पूजेचं आमंत्रण

आमच्या साखर कारखान्यांच्या सोलापूरच्या मुख्य कचेरीत श्रीदेवी बिराजदार माझ्या समोरच्या टेबलावर बसते. अक्कलकोटकडची पोरगी. घरी कन्नड, कचेरीत मराठी आणि राग आला की गप्प. सायबर सुरक्षा हे तिचं काम. मी प्रशासन बघतो, म्हणजे सगळ्यांच्या रजा आणि रुसवे. तिचे रुसवे मात्र मला कधी बघावे लागले नाहीत.

हंगाम तोंडावर आला होता. बॉयलर पेटवण्याच्या पूजेची आमंत्रणं एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जात होती. हल्ली ती ईमेलनं येतात. आणि शेजारच्या कारखान्याची पत्रिका उघडून न बघणं आमच्यात चालतच नाही की! चोरांनी नेमकं तेच हेरलं होतं. तसल्या खोट्या पत्रिकेमुळे जिल्ह्यातल्या दोन कारखान्यांच्या उसाच्या वजनकाट्याचे कॉम्प्युटर खंडणीसाठी कुलूपबंद झाले, आणि तेही ऐन पूजेच्या दिवशी.

आमच्या तिन्ही कारखान्यांसाठी आणि ओळखीच्या इतरांसाठी एका पानाचं इशारापत्र लिहा, असं जनरल मॅनेजर मानसिंगरावांनी श्रीदेवीला सांगितलं. त्याच दुपारी तिला नंदीशचा फोन आला. तो दुसऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, तिच्याच गावाकडचा. त्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता.

"अक्का, आमच्या मेलवरनं पत्रिका बाहेर चालल्यात. मी पाठवल्या नाहीत. मीच एक फाईल उघडली होती. पासवर्ड बदललाय. साहेबांना कळलं तर घरी बसवतील. घरात एकटाच कमावतोय मी."

"तुझं नाव मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "पण तू साहेबांना सांग. पासवर्ड बदलून चोर गेला असं होत नाही. तो कॉम्प्युटर बंद करू नको, नेटची वायर काढ."

वायर त्यानं काढली. सांगण्याचं मात्र जमेना. साहेबांना सांगितलंस का, हे विचारायला तिनं त्याला पुन्हा फोन केला. तिला त्याची काळजी लागली होती, हे माझ्यासारख्या रुक्ष माणसालाही दिसत होतं.

संध्याकाळी कागद तयार झाला. वर 'आम्हाला दिसलेलं': झिप फाईल, आत पत्रिकेसारखा दिसणारा शॉर्टकट, क्लिक केलं की खरी पत्रिका उघडते आणि मागच्या मागे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर बसतं. खाली 'आमचा अंदाज': पूजेच्या तारखा चोर पत्रिकांवरूनच घेत असावेत, खात्री मध्यम. मागे कोण आहे, माहीत नाही. मग करायच्या गोष्टी. त्यात पहिलीच अशी: 'चुकून फाईल उघडली हे जो स्वतःहून सांगेल, त्याला शिक्षा करू नका.'

मानसिंगराव तिथंच अडकले. "हे काय? ही सायबरची गोष्ट आहे का? काढा. आणि कुठल्या कारखान्याच्या मेलवरून येतंय, ते नाव घाला."

"नाव घालून उपयोग नाही, साहेब. आज एकाच्या मेलवरून येतंय, उद्या दुसऱ्याच्या. पत्ता खराच असतो. त्यापेक्षा झिपमधला शॉर्टकट मेलवरच अडवा, आपण न बसवलेली रिमोट सॉफ्टवेअरं बंद करा, काट्याच्या डेटाची एक प्रत नेटपासून तोडून ठेवा. पत्रिका आली तर पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पूजेच्या दिवशी एकाला कॉम्प्युटरजवळ बसवा."

"आणि ते पहिलं?"

"उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत मध्ये काही दिवस मिळतात. तेवढ्यात कळलं तर वाचतो. कळणार कुणाकडून? ज्यानं उघडलंय त्याच्याकडूनच. तो घाबरून गप्प बसला तर बाकीचं पान फुकट."

खरं सांगतो, मलाही ते वाक्य फालतू वाटलं होतं. शिस्त कुठं राहते मग? मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि गप्प झाली. म्हणजे राग आला होता. मानसिंगराव पानावर बोट ठेवून बसले. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या. राहू दे."

दुसऱ्या दिवशी कागद सगळीकडे गेला. नंदीशच्या कारखान्यातही. दुपारी तिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला, बहुधा मला ऐकवायलाच.

"अक्का, एमडी साहेबांनी सगळ्यांना बोलावून कागद वाचला. पहिला मुद्दा दोनदा वाचला. मग विचारलं, आपल्यात कुणी आहे का? मी हात वर केला."

"मग?"

"सगळे कॉम्प्युटर तपासायला घेतले. आणखी एकात सापडलं, काट्याच्याच. सरकारी यंत्रणेला पण कळवलं. आमची पूजा उद्या हाय, अक्का. साहेब म्हणाले, नंदीश, तू पूजेला यायचं नाहीस."

श्रीदेवीनं डोळे मिटले.

"म्हणाले, सगळे तिकडं असताना कॉम्प्युटरजवळ तू बस. प्रसाद तिथंच पाठवतो."