खालचं सील खरं

सावेडीच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ माधुरी मोबाईल घेऊन बसली, की शेजारणींची खात्री पटायची की ही बाई दिवसभर सिनेमे बघते. पण माधुरी बघायची चहा-कॉफीची पाकिटं. एका नामांकित कंपनीचा भारी चहा आणि तितकीच भारी कॉफी दुकानादुकानांतून विकली जायची. त्यातलं असली कोणतं आणि नकली कोणतं, हे फोटोवरून सांगायचं हा तिचा रोजगार होता. लोकांना तो खरा वाटत नसे आणि तिनेही कधी पटवून द्यायचा खटाटोप केला नाही.

पूर्वी ती एमआयडीसीत याच कंपनीच्या पॅकिंग मशीनवर होती. गरम जबड्यांत पाकिटाचं तोंड दाबलं जाई आणि त्यावर बारीक आडव्या रेघा उमटत. फोटो मोठा करून त्या रेघा बघताना तिला नांगरलेलं रान बघितल्यासारखं वाटे. दुपारची उन्हं पडद्यातून गाळून यायची, खाली रिक्षा कुरकुरत वळायच्या, आणि माधुरी त्या रेघांच्या रानात हरवून जायची. गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं तरी तिला पत्ता नसे.

जिल्ह्यातल्या दुकानांतून फोटो काढून पाठवायचं काम सम्राटकडे होतं. पोरगा चलाख, पण घाईचा. एक दिवस त्याने सोनईच्या रतनबाईंच्या किराणा दुकानातल्या चहाच्या पाकिटाचा फोटो धाडला आणि विचारलं, "ताई, वरचं चित्र फार वर सरकलंय. नकली असंल का?"

पाकिटावरचं पानांचं चित्र खरोखरच वरच्या कडेला भिडलं होतं. पण माधुरीची नजर आधी खालच्या सीलवर गेली. तिथल्या रेघांत एका जागी बारीकशी खाच होती, पडलेल्या दातासारखी. तिच्याच मशीनच्या जबड्याचा तो तुटका दात. कित्येक पाळ्या तिने त्या मशीनशी गप्पा मारत काढल्या होत्या. जुनी मैत्रीण बाजारात भेटावी तसं तिला झालं. "छपाई सरकली असेल. मशीन आपलंच आहे, माल असली," असं तिने कळवून टाकलं. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माधुरीचं तर एका खाचेवर जडलं होतं.

आठवडा उलटला. सम्राटचा पुन्हा फोन आला. रतनबाईंकडची गिऱ्हाइकं तक्रार करत होती, की चहाला रंग भडक येतो पण वास नाही. माधुरीने तो जुना फोटो पुन्हा उघडला. "फोटो नुसता टाकू नकोस, डॉक्युमेंट करून पाठव," ती म्हणाली, "नाहीतर बारीक ठिपके सगळे पुसले जातात. आणि शेजारी दुसऱ्या दुकानातलं पाकीट उभं कर."

नवे फोटो आले. दोन पाकिटं शेजारी उभी होती आणि रतनबाईंकडचं बोटभर बुटकं होतं. माधुरीने कपाळावर हात मारला. छपाई सरकते तेव्हा वर जेवढी जागा कमी होते, तेवढी खाली वाढते. नाहीतर एखादा रंगच दुसऱ्या रंगाबाहेर ओघळतो. इथे रंग जागच्या जागी होते, खालची जागाही तेवढीच होती. चित्र सरकलंच नव्हतं. पाकीट वरून कापलं होतं.

मग एकेक गोष्ट आपणहून समोर आली. वरचं सील सपाट, चकचकीत, कडेला चुण्या पडलेलं. हातसीलरची पट्टी दाबून केलेलं. बॅचचा शिक्का मशीनवर बारीक ठिपक्यांनी उमटतो, तो स्पिरिटने पुसून त्यावर रबरी शिक्का मारला होता. अक्षरं सलग, काठाला शाई फुटलेली. असली रिकामं पाकीट, आत उकळून टाकलेल्या चहाचा रंगवलेला चोथा. आठवडाभर लोक तो प्यायले आणि ते तिच्या एका शब्दावर.

तिने कापलेली कड आणखी मोठी केली. लोक पाकीट दाताने फाडतात, नाहीतर सुरीने भोसकतात. इथे कात्री सीलच्या अगदी खालून, एका दमात, जराही न डगमगता गेली होती. सम्राटने रतनबाईंकडच्या बाकी पाकिटांचेही फोटो टाकले होते, प्रत्येकावर तशीच. आणि उजव्या टोकाशी कात्री किंचित वर उचललेली. माधुरीने लहानपणी शाळेच्या वह्यांची कव्हरं अशीच कापलेली बघितली होती. तिच्या परकराचं कापडही असंच कापलं जाई. खोलीतली उन्हं जागची हलली नाहीत, पण तिला वाटलं सगळी सावेडी हळूहळू पाण्याखाली चालली आहे.

तिची आई बनाबाई शनिशिंगणापूरला एका लॉजच्या स्वयंपाकघरात चहा करायची. यात्रेकरूंना तिथे हाच चहा लागे.

कंपनीला अहवाल द्यायचा होता, पण त्यात हे न लिहिता प्रकरण मिटवता आलं असतं. "पाकिटं कोठून आली, कळत नाही," एवढं एक वाक्य पुरलं असतं. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात तिचे अहवाल वाचणाऱ्या हर्षलने त्यावर काहीच विचारलं नसतं. ते वाक्य तिने मनात घोळवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. सकाळच्या एसटीने ती आईकडे गेली.

बनाबाई मागच्या अंगणात बसली होती. तिच्यापुढे धुतलेली पाकिटं दोरीवर वाळत होती. वाऱ्याने ती हलायची आणि आतली चांदी अंगणभर चमकायची. इतकं देखणं दृश्य आपण बघायला नको होतं, असं माधुरीला वाटलं.

"आई, ही कुणाला देतेस?"

"कल्यान येतो की टेम्पो घिऊन. रोपवाटिका हाय म्हनं त्येची. मिरचीची रोपं लावतो यात." बनाबाईचा चेहरा उजळला. "म्हनून मी लई सरळ कापते. पिशवी उभी ऱ्हायली पायजे ना. निम्म्या तालुक्याच्या मिरच्या माज्या पाकिटांत उगवल्या असत्याल."

माधुरीला रडू कोसळलं. मग तिने सगळं सांगितलं: बुटकं पाकीट, वरचं खोटं सील, रंगवलेला चोथा, आणि स्वतःची चूकही. बनाबाई ऐकत राहिली. तिला रागही आला नाही आणि ती कांगावाही करायला बसली नाही. मग तिने विचारलं, "लेकरांनी बी पिला असंल का गं त्यो?"

"पिला असेल."

बनाबाईने दोरीवरचं एक पाकीट ओढून काढलं, मांडीवर पसरलं आणि हाताने त्याच्या चुण्या सारख्या केल्या. जन्मभर तिने चिंधीसुद्धा वाया घालवली नव्हती. तिने कात्री उचलली आणि पाकीट मधोमध, कंपनीच्या नावावरून, आडवंतिडवं फाडल्यासारखं कापलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं.

"मी अहवालात तुझं नाव नाही घालत," माधुरी म्हणाली. "कल्याणचं घालते. तुला काय ठाऊक होतं?"

"आसं न्हाई करायचं," बनाबाई म्हणाली. कात्री थांबली नाही. "आदी माजं ल्ही. कुनाच्या हातानं कापली, ती कुनी नेली, समदं ल्ही. रतनबाईला बी आन् पोलिसांस्नी बी मीच सांगन. तू माजं झाकलंस, तर उद्या तू खरं म्हनशील तेबी कुनी खरं मानंल का?"

माधुरीने डोळे पुसले, आईशेजारी बसकण मारली आणि मोबाईलवर पहिलं वाक्य लिहिलं: "पाकिटं कापणारी बाई माझी आई आहे."