एकसष्ट शिव्या आणि एक ‘वी’

फ्रेंच किचनमध्ये चार वर्षं काढलेला लोधिवलीतला पहिला माणूस मीच. आता तिथं मी भांडी घासतो ही गोष्ट वेगळी. पण सिंकपाशी उभं राहिलं की सगळं किचन पाठीमागं असतं आणि कान मोकळे असतात. घासायची भांडी संपतात, किस्से मात्र ढिगानं उरतात. आमच्या सुनंदाचेच घ्या.

आमचं हॉटेल चौक गावाच्या पुढं, आंब्याच्या बागेत. मुंबईची माणसं गाड्या काढून येतात आणि एवढ्या मोठ्या प्लेटमध्ये एवढासा मासा बघून खूश होतात. शेफ फ्रान्सचा. उंच, लाल, आवाज असा की बागेतली माकडं खाली उतरायला घाबरतात. काम चालू असताना बोलणं फ्रेंचमध्ये, एरवी तोडकं इंग्रजी.

सुनंदा कशेळ्याची. लग्नाकार्यात पाचशे माणसांचं जेवण एकटीच्या अंदाजानं उतरवणारी बाई. तिची खानावळ बंद पडली आणि ती आमच्याकडं आली. एक महिना बघणार, मग कायम करायचं की नाही ते शेफ ठरवणार. घरापासून एका जीपच्या अंतरावरचं काम, हातातनं जाऊ द्यायचं नव्हतं तिला.

* * *

पहिल्याच दिवशी ती सूप ढवळत होती. मागनं शेफ उकळतं पातेलं घेऊन आला आणि ओरडला, “शो दवां!”

सुनंदा जागच्या जागी थिजली. शेफ पातेल्यासकट थांबला, रस्सा हिंदकळला, थोडा त्याच्या बुटावर सांडला. मग त्यानं आणखी मोठ्यानं तेच म्हटलं.

दुपारी ती सिंकपाशी आली. “मामा, काय म्हनला तो मला?”

आता मला माहीत होतं. ‘गरम येतंय, बाजूला व्हा’, एवढंच. कुणीही काही गरम घेऊन निघालं की हे ओरडायचंच, शेफ असो नाहीतर मी. पण लगेच सांगून टाकलं तर माझा दिवस कसा जायचा?

“मोठ्या घरची शिवी हाय,” म्हटलं. “आपल्यात तिला शब्द नाय.”

* * *

बाई मानी. रडायची नाही, हिशोब ठेवायची. शेफ ओरडला की लसणाची एक पाकळी वाटीत. ऑर्डरचा कागद आला की तो ओरडणार, “सा मार्श!” पाकळी. पुढं, “आ स्वीव्र!” पाकळी. थोड्या वेळानं, “रेक्लाम!” ती तर दोन पाकळ्यांची, कारण मान वर करून ओरडायचा.

पहिल्या शनिवारी एकाच दुपारी एकसष्ट पाकळ्या भरल्या.

“एकसष्ट,” ती मला म्हणाली. “माज्या सासूनं एकवीस वर्षांत एवढं नाय केलं.”

“सासूला फ्रेंच येत नव्हतं गं,” मी म्हटलं.

* * *

मग कानाचं प्रकरण. एक दिवस मॅनेजर तिला म्हणाला, “बाई, कर्जतला कानाच्या डॉक्टरकडं जाऊन या. शेफ म्हणतोय हाताला चव आहे, पण हिला ऐकू येत नाही.”

झालं असं होतं की शेफनं हाक दिली की बाकीचे सगळे एका सुरात “वी शेफ!” म्हणायचे. वी म्हणजे हो. ही गप्प. तोंड खाली, हात चालू. आपल्यात मोठा माणूस ओरडला की मान खाली घालतात, उलट बोलत नाहीत. ती मर्यादा पाळत होती. तिकडं शेफला वाटायचं, ऑर्डर पोचलीच नाही. म्हणून तो पुन्हा ओरडायचा, आणखी मोठ्यानं. ही आणखी गप्प. अशा एकसष्टातल्या निम्म्या पाकळ्या तिच्या स्वतःच्या गप्प बसण्याच्या.

डॉक्टरनं कान तपासले. म्हणाला, “उत्तम आहेत. आवाज जरा कमी ऐकायला हवा.”

मॅनेजरला चिठ्ठी दाखवली तर तो म्हणाला, “मग तर जास्तच अवघड आहे. ऐकून उत्तर देत नाही म्हणजे शेफच्या मते उर्मट.”

* * *

महिना संपायला दोन दिवस उरले आणि सुनंदानं स्वतःचा झारा, पोळपाट पिशवीत भरला.

“उद्याचा रविवार करते नि जाते. शिव्या खाऊन रांधायचं नाय मला.”

थट्टा करावी, पण कुणाची चूल विझवू नये. मी हात पुसले आणि सगळं खरं सांगितलं. सा मार्श म्हणजे या टेबलाचं काम चालू करा. आ स्वीव्र म्हणजे यामागून काय जाणार ते, आत्ता तयारीत ठेवा, वेळ लागणारं तेवढं आधी चढवा. रेक्लाम म्हणजे मघाशी सांगितलेलं ते आता हवं. मग आपण किती मिनिटं ते सांगायचं. आंव्हॉये म्हणजे पाठवा. यात शिवी एक नाही.

तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

“झालं?” म्हणाली. “गेल्या आठवड्यात तुमी मला सांगितलं, फ्रान्समधी भात डोळे मिटून ढवळतात. मी ढवळला.”

माझं खरं खपेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कीर्तीची लाज वाटली. अर्धा मिनिट.

* * *

रविवारी शेफचा घसा बसला. पार. तोंड उघडलं की नुसती हवा.

दुपारी हॉल भरलेला. शेफ हातात कागद नाचवतोय, बोटं दाखवतोय, पण चुलीपाशी मान खाली घालून काम करणाऱ्याला बोटं दिसणार कशी? कोंबडीला बारा मिनिटं लागतात, माशाला चार. कोंबडी आधी चालू झाली तरच दोन्ही एकदम उतरतात. ग्रिलवरच्या काशिनाथनं मासा आधी टाकला. मासा वाट बघत सुकला, कोंबडी आतनं कच्ची. टेबल चारचं सगळं परत करावं लागलं.

सुनंदा बघत होती. सकाळपासून एक शिवी नाही, आणि एक ताट धड नाही.

तिनं चूल बारीक केली, शेफपाशी गेली आणि त्याच्या हातातला कागद स्वतःकडं वळवला. आकडे तिला वाचता येत होते, पदार्थ कुठला ते शेफनं समोरच्या सामानाकडं बोट करून दाखवलं. मग कशेळ्याच्या बाजारात ऐकू जाईल असा आवाज निघाला.

“सा मार्श! टेबल सात! दोन सूप! आ स्वीव्र, एक कोंबडी, एक मासा!”

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग काशिनाथ म्हणाला, “वी... बाई!”

सूपची भांडी रिकामी होऊन आली तशी ती पुन्हा, “रेक्लाम सात! काशिनाथ, किती?”

“कोंबडी चार मिनिटं!”

“मग मासा आत्ता टाक. उत्तर कुटं हाय?”

“वी बाई!”

महिनाभर पाकळ्या मोजताना कुठल्या ओरड्यानंतर काय होतं ते सगळं तिच्या डोक्यात बसलं होतं. अडतीस टेबलं गेली, एकही परत आलं नाही. शेवटी शेफनं ड्यूटीच्या तक्त्यावर तिचं पेन्सिलनं लिहिलेलं नाव पेननं गिरवलं. तिनं तक्ता बघितला, पिशवीतला झारा काढला आणि खुंटीला अडकवला.

अशा हाका देणाऱ्याला फ्रेंचमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ भुंकणारा. हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

* * *

शेफचा घसा सुधारला, तरी रविवारच्या हाका आता तीच देते. परवा ऐन गर्दीत माझ्या पाठीवर आवाज आला, “बबनमामा, गरम प्लेटा सहा!”

मी ऐकलं होतं. पण माझ्या वयाच्या माणसावर असं ओरडायचं म्हणजे काय? गप्प राहिलो. पुन्हा आवाज, दुप्पट मोठा. मी हातातली कढई खाली ठेवली आणि वळलो.

“सुनंदे, तुझ्या बापाच्या वयाचा हाय मी. सगळ्यांदेखत वरडतेस?”

तिनं कागदावरनं मानही वर केली नाही.

“वरडत नाय मामा, सांगतेय. फुगायचं ते चारनंतर फुगा. आधी ‘वी’ म्हना, मासा थंड होतोय.”